आत्याची सही, भाच्याची सही: एका कुलमुखत्यारपत्राचं प्रकरण

ठाण्याच्या कोर्टात वकिली करताना मालमत्तेच्या खोट्या कागदांची जी प्रकरणं हाती आली, त्यांतल्या दोन-तीनांचे तपशील एकत्र करून हे एक प्रकरण मांडते आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून नावं न घेता नात्यांनीच बोलते. कागद कोणी तयार केला आणि कोणी वापरला, हे दोन प्रश्न वेगळे न ठेवल्यामुळे चांगली केस कशी ढिली पडते, ते यात स्पष्ट दिसतं.

आत्या ऐरोलीला राहतात. यजमान गेले, मूलबाळ नाही. वर्तकनगरमधली त्यांची एक खोली-हॉलची सदनिका बंद होती. सोसायटीचा देखभाल खर्च भरणं, बँकेतली कामं, आधारची झेरॉक्स कुठे लागली तर नेऊन देणं, हे सगळं भाचा करायचा. तो लहानपणापासून त्यांच्या घरात वाढलेला.

प्रकार उघडकीला आला तो प्राप्तिकरामुळे. 2025 च्या जुलैमध्ये विवरणपत्र भरताना आत्यांच्या सीएने विचारलं, "काकू, तुम्ही घर विकलंत का? तुमच्या 26AS मध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या विवरणात, एकसष्ट हजारांचा टीडीएस दिसतोय." पन्नास लाख किंवा त्याहून अधिक किमतीचं घर घेताना खरेदीदाराला एक टक्का टीडीएस कापून विकणाऱ्याच्या पॅनवर भरावा लागतो. म्हणजे व्यवहार 61 लाखांचा झाला होता. आत्यांना एक रुपयाही मिळाला नव्हता, आणि कुठल्या कागदावर सही केल्याचं त्यांना आठवतही नव्हतं.

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोध घेतला तेव्हा सूची क्रमांक 2 मध्ये, म्हणजे नोंदलेल्या मालमत्ता व्यवहारांच्या यादीत, 22 ऑगस्ट 2024 चं खरेदीखत सापडलं. लिहून देणार म्हणून आत्यांचं नाव, आणि पुढे "तर्फे कुलमुखत्यार" म्हणून, म्हणजे त्यांच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार मिळालेला म्हणून, भाच्याचं. ते कुलमुखत्यारपत्र सूची 2 च्या शोधात मिळत नाही, कारण ते पुस्तक क्रमांक 4 मध्ये नोंदलं जातं आणि त्या पुस्तकातल्या दस्ताची नक्कल फक्त दस्ताशी संबंध असलेल्या माणसालाच मिळते. आपल्या नावाने मुखत्यारपत्र झालंय याची कुणकुण मालकाला सहसा लागत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे. आत्यांचं नाव मात्र दस्तात लिहून देणार म्हणूनच होतं, त्यामुळे अर्ज करून नक्कल मिळाली.

ती नक्कल माझ्या टेबलावर उघडली तेव्हा आत्यांनी मजकूर वाचलाच नाही. त्या थेट शेवटच्या पानावर गेल्या. दस्त गोषवाऱ्याच्या त्या पानावर पक्षकारांची छायाचित्रं आणि अंगठ्याचे ठसे असतात. वरच्या चौकटीत आत्यांचं नाव होतं आणि चेहरा दुसऱ्याच बाईचा. साठीची, कपाळाला टिकली, डोक्यावर पदर. खालच्या चौकटीत भाचा. आत्या बराच वेळ त्या बाईकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही कोण, ते मला माहीत नाही. पण हा माझ्याच नावाच्या बाईशेजारी बसलाय."

पुढचं सगळं प्रकरण त्या एका वाक्यात आहे. त्या पानावर दोन माणसं आहेत, आणि कायद्याच्या नजरेत दोघांनी एकच गोष्ट केलेली नाही.

दस्तावर शिक्क्यांच्या वेळा छापलेल्या असतात. कुलमुखत्यारपत्राची तारीख 12 फेब्रुवारी 2024, आणि कबुलीच्या शिक्क्याची वेळ दुपारी 12 वाजून 41 मिनिटं. त्याच दिवशी आत्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दवाखान्याच्या कागदांवर सकाळी 10.10 ला दाखल आणि दुपारी 3.30 ला सोडल्याची नोंद होती. आदल्या दिवशी त्यांना दवाखान्यात कधी जायचं हे विचारणारा आणि "मला जमणार नाही, रिक्षाने जा" म्हणणारा भाचाच होता.

फिर्याद दाखल झाली तेव्हा पहिल्या खबरीत सगळं एका गठ्ठ्यात बांधलं गेलं. भाचा, अज्ञात महिला, ओळख पटवणारे दोन साक्षीदार आणि खरेदीदार अशा सगळ्यांवर फसवणूक, बनावट दस्तऐवज तयार करणं, मौल्यवान रोख्याचं, म्हणजे कायदेशीर हक्क निर्माण किंवा हस्तांतरित करणाऱ्या दस्ताचं बनावटीकरण, बनावट दस्त खरा म्हणून वापरणं, अशी सगळी कलमं एका ओळीत होती. फिर्यादीच्या वेळी हे होतंच, त्यात तपासी अंमलदाराला दोष देण्यात अर्थ नाही. पण दोषारोपपत्रही त्याच वाटेने गेलं तर बचाव पक्षाचं काम सोपं होतं.

बचाव पक्षाने नेमका याच गठ्ठ्याचा फायदा घेतला. भाच्याचे वकील म्हणाले, "मुखत्यारपत्रावर आत्यांच्या नावाची सही माझ्या अशिलाने केलेली नाही. हस्ताक्षर तज्ज्ञही तसं म्हणत नाहीत. माझ्या अशिलाने मुखत्यार म्हणून स्वतःच्या नावाने सही केली, आणि ती सही खरी आहे. मग त्याने बनावट काय केलं?" आणि त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा शीला सेबॅस्टियन विरुद्ध आर. जवाहराज हा निकाल पुढे ठेवला.

हा निकाल नीट समजून घ्यायला हवा. तिथेही मालकिणीच्या जागी एक तोतया बाई उभी करून मुखत्यारपत्र झालं होतं. न्यायालयाने म्हटलं की बनावटीकरणाचा गुन्हा त्याच्यावर बसतो ज्याने खोटा दस्त तयार केला. दस्ताचा फायदा ज्याला झाला तो आपोआप दस्ताचा कर्ता होत नाही. तोतया बाईचा शोध लागला नव्हता, तिचं आणि आरोपीचं नातं तपासात आलं नव्हतं, आणि संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेत नाही. आरोपींची सुटका कायम राहिली. ज्या बाईची मालमत्ता गेली तिच्या बाजूने विचार केला तर हा निकाल कडू लागतो. तरी मला तो बरोबर वाटतो, कारण कलमाचे शब्दच तसे आहेत. दस्त "तयार करणारा" असं कायदा म्हणतो. त्यात "ज्याच्या भल्यासाठी तयार झाला तो" हे आपण आपल्या मनाने घालू शकत नाही.

म्हणून आम्ही गठ्ठा सोडला आणि प्रत्येक कागद वेगळा घेऊन बसलो. प्रत्येकाला तेच विचारायचं होतं: हा कागद स्वतःबद्दल काय सांगतो, त्यातला कुठला भाग खोटा आहे, आणि तो भाग कोणाच्या हातचा आहे?

पहिला कागद मुखत्यारपत्र. हे आत्यांनी लिहून दिलंय असं तो सांगतो. ते खोटं आहे, कारण सही आत्यांची नाही. ती सही आणि तो अंगठा करणारी बाई हीच या कागदाची कर्ती. विक्रीचा अधिकार देणारा दस्त असल्यामुळे हे बनावटीकरण साध्या, दोन वर्षांच्या कलमात न राहता जुन्या भारतीय दंड संहितेच्या 467 मध्ये जातं. मौल्यवान रोखा करण्याचा किंवा हस्तांतरित करण्याचा अधिकार देणाऱ्या दस्ताचाही त्या कलमात उल्लेख आहे, आणि शिक्षा जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. नोंदणी अधिकाऱ्यासमोर दुसऱ्याच्या नावाने उभं राहणं हा नोंदणी अधिनियमाच्या कलम 82 खाली वेगळा गुन्हा आहे, तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत.

पण ती बाई सापडली नाही. आत्यांचे नमुना ठसे घेऊन दस्तावरच्या ठशाशी तुलना झाली, आणि ठसा आत्यांचा नाही हे निर्विवाद ठरलं. सह्यांची तुलना करायला आत्यांच्या पासपोर्टच्या अर्जावरच्या आणि बँकेतल्या जुन्या सह्या दिल्या होत्या. तिथेही तज्ज्ञांचं मत तेच आलं. तज्ज्ञाच्या अहवालाची मर्यादा इथे लक्षात ठेवायला हवी. "ही सही यांची नाही" हे अहवाल ठामपणे सांगू शकतो. "मग कोणाची?" याचं उत्तर तुलनेसाठी दुसऱ्या कोणाचा नमुना असेल तरच मिळतं. दस्त खोटा आहे हे सिद्ध झालं, म्हणून तो कोणी केला हे सिद्ध होत नाही. अनेक फिर्यादी, आणि काही वकीलसुद्धा, पहिला अहवाल हाती आला की केस जिंकल्यासारखे वागतात.

मग या पहिल्या कागदाबाबत भाच्याचं काय? कर्ता म्हणून तो सापडत नाही, पण कटातला म्हणून सापडू शकतो. त्यासाठी त्या बाईचं आणि त्याचं आधीपासून संगनमत होतं याचा स्वतंत्र पुरावा लागतो. ओळख पटवणाऱ्या दोघांपैकी एकाने जबाबात सांगितलं की भाच्यानेच त्याला दोन हजार रुपये देऊन आणि "ही माझी आत्या" असं सांगून ओळख पटवायला उभं केलं. दुसऱ्याचं आणि भाच्याचं त्या सकाळी तीन वेळा फोनवर बोलणं झालं होतं. त्या बाईच्या नावाने जोडलेल्या आधारच्या झेरॉक्सवर क्रमांक आत्यांचाच होता, फक्त छायाचित्र बदललेलं होतं. खऱ्या आधारची प्रत कोणाकडे होती, हे आत्यांच्या जबाबात आलंच. शीला सेबॅस्टियनच्या प्रकरणात नेमका हाच दुवा नव्हता. आमच्याकडे तो होता, पण भक्कम नव्हता. पैसे घेऊन खोटी ओळख पटवणाऱ्या माणसाच्या शब्दावर केसचा सगळा भार टाकायची माझी तयारी नव्हती.

दुसरी गोष्ट कागद नव्हे, कृती आहे. 22 ऑगस्टला भाच्याने ते मुखत्यारपत्र खरेदीखताच्या नोंदणीसाठी सादर केलं. इथे तारखेने प्रकरणाला वळण दिलं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. म्हणजे मुखत्यारपत्र तयार झालं जुन्या कायद्यात, आणि ते वापरलं गेलं नव्या कायद्यात. वापरासाठी न्याय संहितेचं कलम 340, पोटकलम 2 लागतं. जो दस्त बनावट आहे हे माहीत आहे, किंवा तसं मानायला कारण आहे, तो कपटाने किंवा अप्रामाणिकपणे खरा म्हणून वापरणं, हा तो गुन्हा. मुखत्यारपत्र तयार करण्याची कलमं जुनी आणि ते वापरण्याची नवी, असं दोषारोपपत्रात लिहावं लागलं. काहींना ते विचित्र वाटलं. मला वाटतं, तयार करणं आणि वापरणं हे दोन वेगळे गुन्हे आहेत हे इतकं स्पष्ट सांगणारं दुसरं उदाहरण मिळणार नाही.

"नुसता वापर" म्हणजे हलका गुन्हा, असा एक समज आहे. कलमाचे शब्द तसे नाहीत. वापरणाऱ्याला शिक्षा जणू त्यानेच दस्त बनवला असावा तशी. दस्त मौल्यवान रोख्याच्या वर्गातला असेल तर वापरणाराही जन्मठेपेपर्यंत जाऊ शकतो. फरक शिक्षेत नाही, काय सिद्ध करायचं त्यात आहे. वापराच्या गुन्ह्यात दस्त कोणी बनवला हे माहीत नसलं तरी चालतं. पण दस्त बनावट आहे हे सिद्ध करावंच लागतं, आणि वापरणाऱ्याला ते माहीत होतं किंवा तसं मानायला कारण होतं हेही.

माहीत असणं ही मनातली गोष्ट. ती बाहेरच्या गोष्टींवरून दाखवावी लागते, आणि इथे भाच्याने स्वतःच पुरावा लिहून दिला होता. खरेदीखताला मुखत्यारधारकाचं घोषणापत्र जोडतात. मुखत्यारपत्र लिहून देणारी व्यक्ती हयात आहे आणि तिने ते रद्द केलेलं नाही, अशा आशयाचं ते असतं. त्यावर त्याची खरी सही आहे. जो माणूस चाळीस वर्षं आत्याचा चेहरा ओळखतो, तिच्या जागी दुसरी बाई बसलेली असताना शेजारी बसून छायाचित्र काढून घेतो, आणि सहा महिन्यांनी "आत्याने अधिकार दिलाय" असं लिहून देतो, त्याला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? त्यात 61 लाखांमधून टीडीएस वजा जाऊन उरलेली सगळी रक्कम आत्यांच्या खात्यात न जाता त्याच्या खात्यात गेली होती.

तिसऱ्या कागदाकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. खरेदीखत.

भाच्याचे वकील म्हणत होते की खरेदीखतावर त्याची सही खरी आहे, त्याने कुणाची नक्कल केली नाही. बरोबर आहे. पण खोटा दस्तऐवज म्हणजे फक्त नकली सही नव्हे. हा दस्त अमुक व्यक्तीने किंवा तिच्या अधिकाराने केला आहे असा समज व्हावा या हेतूने, तसा अधिकार नाही हे माहीत असून, कपटाने दस्त करणं हाही खोटा दस्तऐवज तयार करण्याचा प्रकार आहे. न्याय संहितेच्या कलम 335 मध्ये तो आहे आणि जुन्या 464 मध्येही होता. 2009 मध्ये मोहम्मद इब्राहिम विरुद्ध बिहार राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच जागी रेषा ओढली. मालमत्ता आपलीच आहे असं म्हणून कोणी विकली, आणि ती त्याची नसली, तरी तो खोटा दस्त ठरत नाही. त्यातला दावा खोटा असेल, पण दस्त ज्याने केला म्हणतोय त्यानेच केलेला आहे. जो मालकाचं सोंग घेतो किंवा मालकाने आपल्याला अधिकार दिल्याचं खोटं सांगून दस्त करतो, त्याचा दस्त मात्र खोटा.

याचा अर्थ उलटून पाहावा. समजा भाच्याने मुखत्यारपत्राच्या भानगडीत न पडता "मी या सदनिकेचा मालक आहे" असं लिहून तीच सदनिका त्याच माणसाला विकली असती. आत्यांचं नुकसान तेवढंच, लबाडीही तेवढीच. पण बनावटीकरणाचा गुन्हा लागला नसता. फसवणूक झाली असती ती खरेदीदाराची, म्हणजे त्या कलमाखाली तक्रार त्याची, आणि आत्यांचा मुख्य रस्ता दिवाणी न्यायालयाचा उरला असता. "तर्फे कुलमुखत्यार" या दोन शब्दांनी तो या बाजूला आला. त्यामुळे मुखत्यारपत्राचा कर्ता म्हणून तो सुटला, तरी खरेदीखताचा कर्ता तो स्वतःच आहे. तिथे तोतया बाई सापडण्याची गरजच उरत नाही. 22 ऑगस्टचं खरेदीखत हा मौल्यवान रोखा असल्याने त्यासाठी न्याय संहितेचं कलम 338.

आरोप निश्चितीच्या वेळी आम्ही सरकारी वकिलांमार्फत एवढाच आग्रह धरला की खरेदीखताचा आरोप स्वतंत्र लिहावा, मुखत्यारपत्राच्या आरोपात मिसळू नये. शीला सेबॅस्टियनचा निकाल मुखत्यारपत्राच्या कर्त्याभोवती फिरतो. दोन्ही दस्त एकाच आरोपात गेले असते, तर पहिल्याची कमजोरी दुसऱ्यालाही लागली असती. न्यायालयाने आरोप वेगळे लिहिले.

राहिला खरेदीदार. त्यानेही तेच मुखत्यारपत्र वापरलं. सोसायटीत नाव लावण्यासाठी खरेदीखतासोबत त्याची प्रत दिली. भाच्याने सादर केला तोच कागद, तितकाच बनावट. पण खरेदीदाराला ते माहीत नव्हतं. बनावट नोट भाजीवाल्याच्या गल्ल्यात आली आणि त्याने ती सुट्ट्यांत पुढे दिली, म्हणून तो गुन्हेगार होत नाही, तसंच हे. प्रश्न होता "मानायला कारण होतं का" एवढाच. बाजारात सत्तर लाखांच्या आसपास जाणारी सदनिका 61 ला मिळाली, मालकीण दहा-बारा किलोमीटरवर ऐरोलीत राहते हे दस्तातच लिहिलेलं असताना तो तिला एकदाही भेटला नाही, पैसे मुखत्याराच्या खात्यात दिले. याला निष्काळजीपणा म्हणता येईल, आणि मी त्याला तोंडावर तसं म्हटलंही. पण निष्काळजीपणा म्हणजे ज्ञान नव्हे. त्याने टीडीएस आत्यांच्याच पॅनवर भरला होता. कागद खोटा आहे हे ठाऊक असलेला माणूस मालकिणीपर्यंत जाणारी खूण स्वतःच्या हाताने ठेवत नाही. तपासाअंती तो आरोपी न राहता सरकार पक्षाचा साक्षीदार झाला, आणि फसवणुकीच्या आरोपात फसला गेलेला म्हणून तोच उभा आहे.

त्याला घर मात्र मिळणार नाही. आत्यांनी विकलेलंच नाही, तर त्याच्याकडे मालकी आली कुठून? दोन्ही दस्त रद्द होण्यासाठी दिवाणी दावा वेगळा चालू आहे. निबंधक कार्यालय आपल्या अधिकारात हे दस्त रद्द करून देईल, अशी आशा आत्यांनी बरेच दिवस धरली होती. ते काम न्यायालयाचंच.

आत्यांची साक्ष गेल्या महिन्यात झाली. सरकारी वकिलांनी दस्त गोषवाऱ्याचं ते पान दाखवून विचारलं, "या छायाचित्रातल्या बाईंना ओळखता?" आत्या म्हणाल्या, "नाही." मग खालच्या चौकटीकडे बोट दाखवून विचारलं, "आणि यांना?" आत्यांनी आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहिलं नाही. "माझ्या भावाचा मुलगा," त्या म्हणाल्या. उलटतपासणीची तारीख पुढची पडली आहे.